येण्याआधी एक फोन

नाइट ड्यूटी करून सकाळी घरी आलेली नर्स अंथरुणाला पाठ टेकते आणि अकरा वाजता बेल वाजते. दारात नवऱ्याची आत्या उभी असते, कोर्टाच्या कामासाठी साताऱ्याहून पुण्याला आलेली. आत्याचं काही चुकलेलं नसतं. गावाकडे दार उघडंच असतं, आणि शहरात येऊन भाच्याच्या घरी डोकावलं नाही, तर तेच वाईट दिसतं. त्यामुळे ‘येण्याआधी फोन करा’ हे सांगताना फार जपावं लागतं.

हे सांगायचं ते ज्याचे नातेवाईक त्यानेच. इथे आत्या नवऱ्याची, म्हणून निरोप नवऱ्याने द्यावा. सुनेने दिला, तर ‘तिला आमचं येणं नको असतं’ असा अर्थ लागायला वेळ लागत नाही. वेळही बघावी. आत्या येऊन गेली त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज पडला, तर तो आपल्यालाच उद्देशून आहे हे तिला कळणारच. आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. आत्या-काकांसारख्या वडीलधाऱ्यांशी आधी फोनवर बोलावं आणि मग ग्रुपवर लिहावं.

मजकूर साधारण असा असावा:

‘सर्वांना नमस्कार. सध्या हिची नाइट ड्यूटी चालू आहे. सकाळी ९ ला येते आणि दुपारी ३ पर्यंत झोपते. मी ऑफिसात असतो. तुम्ही एवढ्या लांबून यायचं आणि धड चहापाणीही होऊ नये, याची फार चुटपुट लागते. म्हणून निघण्याआधी मला एक फोन करा. संध्याकाळी ५ नंतर किंवा रविवारी आलात तर जेवूनच जायचं. अडीअडचणीला मात्र फोनबिन काही नको, केव्हाही या.’

यात कारण खरं आहे आणि वेळेसकट दिलं आहे. नुसतं ‘आम्ही बिझी असतो’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. फोन कोणाला करायचा हेही स्पष्ट हवं, नाहीतर तो झोपलेल्या माणसालाच जातो. शेवटचं वाक्य तर माझ्या मते कधीच गाळू नये. आजारपणात, अपरात्री आपल्याला हक्काचं घर आहे, हा भरवसा वडीलधाऱ्यांना लागतोच.

‘आता तुमच्याकडे यायला अपॉइंटमेंट घ्यायची का?’ असं कोणी म्हणेलच. त्यावर ग्रुपवर खुलासे करत बसू नये, त्यांना थेट फोन लावून ‘या रविवारी येता का?’ म्हणून विचारावं. आणि मेसेजनंतरही कोणी न कळवता आलंच, तर दारात त्याची आठवण काढू नये. पाणी द्यावं, चहा टाकावा, बोलणं हळू आवाजात चालू ठेवावं. पुढे कोणाचा फोन आला आणि तो दिवस जमण्यासारखा नसला, तर नुसतं ‘आज नको’ म्हणून ठेवू नये, त्याच बोलण्यात दुसरा दिवस ठरवावा. दोनतीनदा नुसताच नकार मिळाला, तर माणसं फोनही करत नाहीत आणि येतही नाहीत.