आउटडोअरचा पंखा फिरत नाही? गॅस भरण्याआधी हा छोटा कपॅसिटर तपासा

एसी सर्व्हिसिंगचं काम सुरू करणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे आउटडोअर युनिटमधला फॅन कपॅसिटर. व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं, पण 'असंच का करायचं' ते सांगायला वेळ पुरत नाही. ते इथे लिहितोय.

एक केस घेऊ. मे महिना, टेलरिंगचं छोटं दुकान, दीड टनचा जुना नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट एसी. तक्रार अशी की सुरू केला की दहा मिनिटं गार हवा, मग नुसता वारा, आणि अर्ध्या तासाने परत थोडं गार. आधीच्या मेकॅनिकने 'गॅस कमी आहे' म्हणून गॅस भरला होता. ताई म्हणाल्या, "दादा, मागच्या महिन्यातच पैसे दिले हो, परत तेच!"

मी आत एसीकडे न बघता आधी बाहेर गेलो. कॉम्प्रेसर घुमत होता, पण आउटडोअरचा पंखा जेमतेम फिरत होता. इथेच निम्मं निदान होतं. पंखा नीट फिरला नाही की कॉइलमधली उष्णता बाहेर जात नाही, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा ओव्हरलोड त्याला बंद करतो. थंड झाला की परत सुरू. गॅसचा यात काही संबंध नाही. उलट जादा गॅस भरला तर प्रेशर आणखी चढतं.

पंखा हळू का फिरतो?

दोन मुख्य कारणं. एक, मोटर: बेअरिंग जाम किंवा वाइंडिंग खराब. दोन, कपॅसिटर, ज्याला बाजारात बरेच जण 'कंडेन्सर'च म्हणतात. सप्लाय पूर्ण बंद करून पातं हाताने फिरवा. अडकत असेल तर मोटरकडे बघा. सहज फिरत असेल तर आधी कपॅसिटर तपासा. चालू सप्लायवर काडीने पातं ढकलून बघायची सवय लावू नका. पंखा अचानक वेग घेतो आणि बोटं गमावायची वेळ येते.

डिस्चार्ज: इथे घाई नको

रिमोटने बंद करणं म्हणजे सप्लाय बंद नव्हे. एमसीबी पाडा आणि तिथे कोणी परत चालू करू नये म्हणून चिठ्ठी लावा किंवा माणूस उभा करा. कव्हर उघडल्यावर टर्मिनल ब्लॉकवर मीटरने एसी व्होल्टेज शून्य आहे याची खात्री करा. वायरी कुठून कुठे जातात त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आता सप्लाय बंद असला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. सगळं ठीक असेल तर तो मोटरच्या वाइंडिंगमधून आपोआप उतरतो. पण लग जळालेला असेल, वायर सुटलेली असेल किंवा वाइंडिंग तुटलेलं असेल तर उतरायला वाटच नसते. म्हणजे ज्या युनिटमध्ये बिघाड आहे, तिथेच चार्ज शिल्लक राहण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीच्या वर्षात मला असा झटका बसलाय. झटक्यापेक्षा हात मागे खेचला गेला ते वाईट. कोपर पत्र्यावर आदळलं. त्या दिवशी मी जमिनीवर उभा होतो. दुसऱ्या मजल्याच्या ब्रॅकेटजवळ शिडीवर असतो, तर हा लेख लिहायला नसतो. म्हणून उंचीवर असाल तर सेफ्टी बेल्ट आधी, पाना नंतर.

काही जण स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं शॉर्ट करतात. ठिणगी उडते, टर्मिनल जळतं, चांगल्या कपॅसिटरचंही नुकसान होऊ शकतं. त्यापेक्षा 20 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड वायरी आणि प्रोब जोडा आणि हे टूल बॅगेत कायम ठेवा. प्रोब वायरीच्या लगवर नाही, तर कपॅसिटरच्या स्वतःच्या टर्मिनलवर दहा सेकंद धरा. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. जवळपास शून्य दिसल्याशिवाय हात लावायचा नाही.

शेजारी कॉम्प्रेसरचा मोठा कपॅसिटर असतो, तोही असाच डिस्चार्ज करा. फॅन आणि कॉम्प्रेसर दोन्हीसाठी एकच तीन टोकांचा कपॅसिटर असेल, तर 'सी' ते 'फॅन', 'सी' ते 'हर्म' आणि 'फॅन' ते 'हर्म' अशा तिन्ही जोड्या उतरवा.

टेस्टिंग

कपॅसिटर फुगलाय, तेल गळतंय किंवा टर्मिनल जळलंय असं दिसलं तर मोजत बसू नका, बदला. तसं काही नसेल तर वायरी काढून मोजा. वायरी लावून मोजलं तर मोटरचं वाइंडिंग मध्ये येतं आणि रीडिंग खोटं दाखवतं.

आपल्या केसमध्ये लेबलवर 4 मायक्रोफॅरड, ±5 टक्के, 440 व्होल्ट एसी लिहिलं होतं. म्हणजे 3.8 ते 4.2 मध्ये आलं पाहिजे. मीटरने दाखवलं 2.3. दिसायला मात्र एकदम नवा! म्हणून नुसत्या नजरेवर विश्वास नको. तीन टोकांचा असेल तर फॅनसाठी 'सी' आणि 'फॅन' यांच्यामध्ये मोजा.

बदलताना

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. "साहेब, सीलिंग फॅनचा अडीचचा आहे, चालेल," असं दुकानदार म्हणेल. चारच्या जागी अडीच लावला तर पंखा परत तसाच अशक्त चालेल. सहाचा लावला तर मोटर तापेल आणि काही दिवसांत वाइंडिंगचं काम निघेल. दोन टोकांच्या कपॅसिटरला प्लस-मायनस नसतं. तीन टोकांच्यात मात्र फोटो बघूनच वायरी लावा. लग ढिला वाटला तर नवीन घाला, आणि कपॅसिटर क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, म्हणजे व्हायब्रेशनने वायर पात्यात जाणार नाही.

कव्हर लावून सप्लाय द्या आणि कॉम्प्रेसरच्या डिलेसाठी तीन-चार मिनिटं थांबा. पंखा लगेच वेग घेतो का, ते बघा. नंतर क्लॅम्प मीटर मोटरच्या वायरीवर लावून करंट प्लेटवरच्या आकड्याशी पडताळा. नवीन कपॅसिटर लावूनही पंखा हळू असेल किंवा करंट जास्त असेल, तर दोष मोटरमध्ये आहे. दुसरा कपॅसिटर लावून बघत बसू नका. टेलर ताईंचा पंखा पहिल्याच फेरीत सुटला. मी अर्धा तास थांबलो, कॉम्प्रेसर एकदाही ट्रिप झाला नाही. तेवढं थांबल्याशिवाय काम पूर्ण म्हणू नका, कारण मूळ तक्रार दहा मिनिटांनंतरची होती.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे सगळं नॉन-इन्व्हर्टर एसीसाठी. इन्व्हर्टरच्या आउटडोअरमध्ये बहुतेक वेळा डीसी मोटर असते, तिला असा फॅन कपॅसिटर नसतो, आणि पीसीबीवरच्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर डीसी असतं. तो वेगळा विषय आहे. शिकल्याशिवाय ते कव्हर उघडू नका.

आणि बिलाचं. जुना कपॅसिटर ग्राहकासमोर मीटरवर दाखवा, लेबलचा आकडा आणि रीडिंग दोन्ही बिलावर लिहा, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी. पार्ट स्वस्त आहे म्हणून मजुरी लपवू नका, कारण पैसे निदानाचे आहेत. ताईंनी रीडिंग बघून एकच विचारलं, "मग मागच्या वेळी गॅस कशाला भरला?" मी त्या मेकॅनिकबद्दल काही बोललो नाही. मीटर समोरच होता.