स्वल्पविरामानंतर कोण?

‘बीइंग इल, काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.’ रजेच्या अर्जातलं हे वाक्य आपल्या घरोघरी पाठ आहे. मोठ्या भावाने लिहिलं, त्याचं पाहून धाकट्या बहिणीने लिहिलं, आणि आता तिची मुलं लिहितात. वाक्याचा हेतू सरळ आहे: मी आजारी आहे, दोन दिवसांची रजा द्या. पण इंग्रजीच्या नियमाने या वाक्यात आजारी कोण आहे? अर्जदार नव्हे. आजारी आहेत हेडमास्तर!

हे कसं, ते नीट पाहू. ‘काइंडली ग्रँट’ ही विनंती आहे आणि विनंतीतला न लिहिलेला कर्ता नेहमी ‘तुम्ही’ असतो. इंग्रजी वाक्य ‘बीइंग’, ‘हॅविंग’, ‘वॉकिंग’ अशा तुकड्याने सुरू झालं, की तो तुकडा स्वल्पविरामानंतर येणाऱ्या कर्त्याला जाऊन चिकटतो. इथे तो ‘तुम्ही’ला चिकटला. ज्याला चिकटायचं होतं तो ‘आय’ वाक्यात कर्ता म्हणून आलाच नाही. अशा निराधार तुकड्याला इंग्रजी व्याकरणात डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, म्हणजे लोंबकळत राहिलेला विशेषक. ‘अ‍ॅज आय अ‍ॅम इल, काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज’ असं लिहिलं की आजारपण योग्य माणसाकडे जातं.

हेडमास्तर हसून रजा देतील, त्यात काही बिघडत नाही. पण समजा, घरासमोर लावलेल्या स्कूटरला टेम्पोने ठोकलं आणि भरपाईच्या अर्जात आपण लिहिलं: ‘व्हाइल पार्क्ड आउटसाइड अवर हाउस, अ टेम्पो हिट माय स्कूटर.’ या वाक्यात उभा आहे टेम्पो. मग स्कूटर कुठे होती, चालत होती की उभी? सगळा दावा ज्या गोष्टीवर टिकून आहे तीच गोष्ट वाक्याने टेम्पोला देऊन टाकली. ‘माय स्कूटर वॉज पार्क्ड आउटसाइड अवर हाउस व्हेन अ टेम्पो हिट इट’ एवढं साधं लिहिलं की शंका उरत नाही.

हा दोष आपल्याकडून वारंवार का होतो? अभ्यास कमी म्हणून नव्हे. आम्ही वर्गात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, आणि आमच्या मते याचं मूळ आपल्या मातृभाषेतच आहे. गंमत म्हणजे त्यावरचा उपायही तिथेच आहे.

मराठीत एका क्रियेमागून दुसरी क्रिया सांगायला दोन रूपं आहेत. ‘शिक्षण पूर्ण करून मी अर्ज केला’ यात ‘करून’ आलं, कारण शिक्षण पूर्ण करणारा आणि अर्ज करणारा एकच आहे. ‘शिक्षण पूर्ण केल्यावर शाळेने मला बोलावलं’ यात मात्र माणसं दोन आहेत, म्हणून ‘केल्यावर’. ‘शिक्षण पूर्ण करून शाळेने मला बोलावलं’ असं कोणी म्हटलं तर आपल्या कानाला लगेच खटकतं, शाळेनेच शिक्षण घेतल्यासारखं वाटतं. उर्दूतही तसंच आहे. ‘घर पहुँचकर मैं ने खाना खाया’ ठीक, पण ‘घर पहुँचकर बारिश शुरू हुई’ म्हटलं की पाऊस घरी पोचल्यासारखा होतो. तिथे आपण ‘पहुँचने पर’ म्हणतो.

इंग्रजीतला ‘हॅविंग’ हा आपल्या ‘करून’सारखा आहे. त्याला दोन्हीकडे एकच कर्ता लागतो. आपण मात्र तो ‘केल्यावर’, ‘असल्यामुळे’, ‘असताना’ या सगळ्यांच्या जागी वापरतो. ‘जेवताना फोन वाजला’ हे मराठीत अगदी शुद्ध आहे. त्याचं ‘ईटिंग डिनर, द फोन रँग’ केलं की फोनच जेवायला बसतो.

म्हणून आम्ही मुलांना एक कसोटी देतो. वाक्य आधी मराठीत मनाशी म्हणा. ‘ऊन’ लावून ते नीट बसलं, तर इंग्रजीत ‘-इंग’ने सुरुवात करायला हरकत नाही. ‘ल्यावर’, ‘ताना’, ‘असल्यामुळे’ लागत असेल, तर थांबा आणि दोन्ही कर्ते कोण ते पाहा. ते वेगळे असतील तर इंग्रजीत ‘आफ्टर आय’, ‘व्हेन आय’, ‘अ‍ॅज आय’ असं लिहून पहिल्या भागाला त्याचा कर्ता द्या. ‘लग्न होऊन दहा वर्षं झाली’ अशी काही मराठी वाक्यं या कसोटीत बसत नाहीत. पण अर्जात जिथे माणूस काहीतरी करतो असं सांगायचं असतं, तिथे ती सहसा दगा देत नाही.

आता एक अख्खा अर्ज दुरुस्त करून पाहू. समजा, एक तरुणी सहायक शिक्षिकेच्या जागेसाठी लिहिते आहे.

पहिलं वाक्य: ‘बीइंग अ बी.एड. ग्रॅज्युएट, युवर स्कूल इज द राइट प्लेस फॉर मी.’ स्वल्पविरामानंतर कोण? ‘युवर स्कूल’. म्हणजे शाळा बी.एड. झाली. इथे सुरुवात तशीच ठेवून पुढचा कर्ता बदलता येतो: ‘बीइंग अ बी.एड. ग्रॅज्युएट, आय विश टु अप्लाय फॉर द पोस्ट.’ शाळेबद्दलचं कौतुक पुढच्या वाक्यात वेगळं लिहावं.

दुसरं: ‘आफ्टर टीचिंग देअर फॉर थ्री यीअर्स, द स्कूल वॉज क्लोज्ड.’ तीन वर्षं शिकवलं कोणी? शाळेने. इथे कर्ते खरोखरच दोन आहेत, शिकवणारी ती आणि बंद झालेली शाळा. म्हणून पुढचा कर्ता बदलून भागणार नाही, पहिल्या भागालाच कर्ता द्यावा लागेल: ‘आफ्टर आय हॅड टॉट देअर फॉर थ्री यीअर्स, द स्कूल वॉज क्लोज्ड.’

तिसरं: ‘हॅविंग बीन टॉर्न, आय अ‍ॅम सेंडिंग अ कॉपी ऑफ द सर्टिफिकेट.’ फाटलं प्रमाणपत्र, पण वाक्यात फाटली ती स्वतः. दुरुस्ती: ‘अ‍ॅज द ओरिजिनल सर्टिफिकेट इज टॉर्न, आय अ‍ॅम सेंडिंग अ कॉपी.’

शेवटी ती लिहिते: ‘होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिप्लाय’, आणि खाली ‘युवर्स फेथफुली’. इथे तर वाक्यच नाही. या ओळीचा इतिहास आहे. जुन्या इंग्रजी पत्रांत ‘होपिंग’च्या ओळीनंतर ‘आय रिमेन, युवर्स फेथफुली’ असं लिहीत. त्या ‘आय’ला ‘होपिंग’ टेकलेलं असे. पुढे ‘आय रिमेन’ गळून गेलं आणि ‘होपिंग’ पोरकं झालं. आज ‘आय लुक फॉरवर्ड टु युवर रिप्लाय’ लिहून पूर्णविराम द्यावा.

दुसरा दोष याचा सख्खा भाऊ आहे. त्यात शब्दाला धनी असतो, पण शब्द त्याच्यापासून लांब जाऊन बसतो. याला मिसप्लेस्ड मॉडिफायर म्हणतात. ‘आय सेंट द सर्टिफिकेट टु द हेडमास्टर विथ अ टॉर्न कॉर्नर’ यात कोपरा फाटलेले हेडमास्तर दिसतात. ‘विथ अ टॉर्न कॉर्नर’ हे शब्द ‘सर्टिफिकेट’ला लागून ठेवले की काम झालं.

यातला सर्वांत खोडकर शब्द ‘ओन्ली’. मराठीत आपण ‘च’ ज्या शब्दाला लावू, जोर तिथेच पडतो. ‘मलाच नोटीस मिळाली’, ‘मला नोटीसच मिळाली’, ‘मला नोटीस ५ मार्चलाच मिळाली’ ही तीन वेगळी विधानं आहेत. उर्दूतला ‘ही’ही तसाच शब्दामागे उभा राहतो. इंग्रजीतला ‘ओन्ली’ मात्र सैल आहे. तो बहुतेक वेळा क्रियापदाआधी जाऊन बसतो: ‘आय ओन्ली रिसीव्ह्ड द नोटीस ऑन फिफ्थ मार्च.’ बोलताना आवाजाच्या चढउताराने अर्थ कळतो. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनीही १९२६ साली अशा ‘ओन्ली’ची बाजू घेतली होती. जिथे गैरसमज होणार नाही तिथे त्याला उगाच हलवू नये, असं त्यांचं म्हणणं. पण कागदाला आवाज नसतो. मुदत का चुकली हे सांगणाऱ्या पत्रात नोटीस उशिरा मिळाली हाच मुद्दा असेल, तर ‘ओन्ली’ तारखेआधी ठेवावा: ‘आय रिसीव्ह्ड द नोटीस ओन्ली ऑन फिफ्थ मार्च.’ ‘च’ जिथे लावला असता, त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वारांचंही असंच होतं. ‘द ऑफिस टोल्ड मी टु ब्रिंग द पेपर्स ऑन मंडे.’ सोमवारी सांगितलं, की सोमवारी आणायला सांगितलं? ‘ऑफिसने मला सोमवारी कागद आणायला सांगितले’ हे आपलं मराठी वाक्यही तितकंच दुटप्पी आहे. म्हणून इथे मातृभाषेची कसोटी मदतीला येत नाही, थांबून विचार करावा लागतो. सांगण्याचा वार असेल तर ‘ऑन मंडे’ वाक्याच्या अगदी सुरुवातीला न्यावा. आणण्याचा वार असेल तर ‘द ऑफिस टोल्ड मी दॅट द पेपर्स शुड बी ब्रॉट ऑन मंडे’ असं मोकळं लिहावं.

हा नियम कुठे लागू नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर चांगली वाक्यंही आपण खोडून काढू. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ असे काही शब्द वापरून वापरून स्वतंत्र झाले आहेत. त्यांना कर्ता शोधत बसू नये. ‘द स्कूल बीइंग क्लोज्ड, वी रिटर्न्ड होम’ हेही बरोबर आहे, कारण पहिल्या तुकड्यात ‘स्कूल’ हा त्याचा स्वतःचा कर्ता आहे. औषधाच्या बाटलीवरचं ‘बिफोर यूझिंग, शेक द बॉटल’ हेसुद्धा शुद्ध. औषध वापरणारे तुम्ही आणि बाटली हलवणारेही तुम्हीच. रजेच्या अर्जातलं वाक्य जिथे चुकतं, तिथेच हे वाक्य बरोबर ठरतं.

आणि मुलांना फार रागवू नये. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मेलेल्या राजाचं भूत सांगतं की, मी बागेत झोपलेलो असताना साप चावला अशी बातमी पसरवली गेली. त्या इंग्रजी वाक्याची रचना व्याकरणाने तपासली तर झोपलेला ठरतो तो साप. नाटकात ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. अर्ज वाचणाऱ्या कारकुनाने तो समजून घ्यावा, असा हट्ट मात्र आपण धरू शकत नाही.

अर्ज लिहून झाला की पाकिटात घालण्याआधी पेन्सिल घ्या. ‘-इंग’, ‘हॅविंग’ किंवा ‘आफ्टर’, ‘व्हाइल’ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य शोधा आणि स्वल्पविरामापर्यंत अधोरेखित करा. त्या तुकड्याला विचारा, ‘हे कोणी केलं?’ आणि स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता वाचा. उत्तर तेच आलं तर वाक्य ठेवा. ‘युवर’, ‘इट’, ‘देअर’ किंवा एखादी निर्जीव वस्तू आली, तर बहुधा तिथेच काहीतरी लोंबकळतं आहे. मग ‘ओन्ली’ शोधा आणि मनातला ‘च’ कुठे आहे ते पाहा. एका पानाच्या अर्जाला यासाठी पाच मिनिटं पुरतात.