एक मिलिअँपिअरचा हिशेब

2N7000 हा दुकानात सहज मिळणारा मॉसफेट. त्याच्या माहितीपत्रकात गेटचा उंबरठा-व्होल्टेज, म्हणजे करंट वाहू लागण्यापुरता व्होल्टेज, 0.8 ते 3 व्होल्ट असा दिलेला असतो. एकाच पाकिटातले दोन नगही सारखे निघतील याची खात्री नाही. म्हणून मॉसफेटचा अँप्लिफायर मांडताना खरा प्रश्न असतो तो नग बदलला तरी करंट फारसा हलू न देण्याचा.

कागदावर सोपा जावा असा एक लहान मॉसफेट घेऊ. सॅच्युरेशनमध्ये त्याचा करंट वर्गाच्या नियमाने चालतो:

I = K (VGS − VT)²

उंबरठा VT 2 व्होल्ट, K 1 मिलिअँपिअर प्रति व्होल्ट-वर्ग आणि पुरवठा 12 व्होल्ट धरू. आपल्याला 1 मिलिअँपिअर हवा, तर कंसातली किंमत 1 व्होल्ट येते. म्हणजे गेट सोर्सपेक्षा 3 व्होल्ट वर हवा.

सोर्सखाली 3.9 किलोओहमचा रेझिस्टर घातला, की सोर्स जमिनीपासून 3.9 व्होल्टवर जातो आणि गेटला साधारण 7 व्होल्ट लागतात. ते पुरवठ्यातून विभागून घ्यायचे: वर 470 आणि खाली 680 किलोओहम लावले की 7.1 व्होल्ट मिळतात. गेट करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून एवढे मोठे रेझिस्टर चालतात. ड्रेनवरही 3.9 किलोओहम लावू.

आता निवडलेल्या किमतींवरून करंट पुन्हा काढायचा. सूत्रात VGS = 7.1 − 3.9 I घातले की वर्गसमीकरण येते. त्याची दोन उत्तरे निघतात. ज्यात VGS उंबरठ्याखाली जातो ते सोडायचे. उरलेले उत्तर 1.04 मिलिअँपिअर. ड्रेन 7.9 व्होल्टवर येतो. सॅच्युरेशनसाठी तो गेटपेक्षा उंबरठ्याएवढा खाली, म्हणजे 5.1 व्होल्टपर्यंत गेला तरी चालतो. ही तपासणी कधीच गाळू नये, कारण सॅच्युरेशन आपण सुरुवातीला नुसते गृहीत धरलेले असते.

उंबरठा 3 व्होल्टचा नग बसवला तर? करंट 0.82 मिलिअँपिअर. आणि 1 व्होल्टचा? 1.27, तोही सॅच्युरेशनमध्येच. सोर्सचा रेझिस्टर काढून गेटला थेट 3 व्होल्ट दिले असते, तर पहिला नग बंदच राहिला असता. दुसऱ्याला सूत्र 4 मिलिअँपिअर सांगते; पण तेवढ्या करंटला ड्रेनच्या रेझिस्टरवर 15.6 व्होल्ट पडावे लागतील आणि पुरवठा आहे 12. अशा वेळी मॉसफेट सॅच्युरेशनमधून बाहेर पडलेला असतो आणि सूत्र लागूच होत नाही. सोर्सच्या रेझिस्टरवर तीन-चार व्होल्ट खर्च करणे मला म्हणूनच पटते.

सूत्राला मर्यादा आहेत. VGS उंबरठ्याच्या अगदी जवळ, शंभरेक मिलिव्होल्टच्या आत असेल, तर प्रत्यक्ष करंट वर्गाच्या नियमाने चालत नाही. ड्रेन-व्होल्टेज वाढल्यावर करंटही किंचित वाढतो, तेही इथे धरलेले नाही.

जोडणी झाल्यावर सोर्सचा व्होल्टेज मोजून 3.9 किलोओहमने भागला की खरा करंट कळतो. गेटवर मात्र 10 मेगाओहमचा मीटर 7.1 ऐवजी 6.9 दाखवेल. तिथे मीटरच थोडा करंट ओढतो. जोडणी बरोबर असते.