ऊर्जा मिळते ती बंध जुळताना

इंधनाच्या बंधांत ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. हायड्रोजनचे ज्वलन पाहा. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांच्या रेणूंमधले सगळे बंध तोडायला सुमारे १३७० किलोज्यूल लागतात. सुटे झालेले अणू पाण्याच्या वाफेचे रेणू बनवतात, तेव्हा नवे बंध जुळून सुमारे १८५० किलोज्यूल बाहेर पडतात. या दोहोंतला ४८० किलोज्यूलचा फरक म्हणजेच ज्योतीची उष्णता. हे वायू नुसते एकत्र ठेवले तर पेटत नाहीत. सुरुवातीचे बंध तोडायला ठिणगी लागते. पुढचा खर्च नव्या बंधांच्या जुळणीतूनच भागतो.