फोटो तोच, चेहरा तोच, मग नकार का?

मागच्या व्याख्यानानंतर सांगलीचे एक गृहस्थ थांबले होते. मुलीचं नाव लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर घालायचं होतं. पहिला फोटो नाकारला गेला, कारण दिलं होतं ‘आक्षेपार्ह मजकूर’. दुसराही नाकारला, आता कारण ‘हा चेहरा दुसऱ्या खात्यातील व्यक्तीचा आहे’. गृहस्थ म्हणाले, “सर, पहिल्या निरोपाचं मी घरात कुणाला सांगितलंच नाही.” त्यांची ती अवघडलेली मान आठवूनच आजचा विषय घेतला आहे.

हे दोन नकार दिसायला सारखे असले, तरी ते दोन वेगळ्या यंत्रणांकडून आलेले असतात, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी पहिला. मुलीचा फोटो चुलत बहिणीच्या हळदीतला. बिनबाह्यांचा ब्लाऊज, गालाला हळद, मागे पिवळा मांडव. मूळ फोटोत साडी व्यवस्थित दिसते. पण प्रोफाइलच्या गोल चौकटीत बसवताना खालचा भाग कापला गेला. उरलं काय? चेहरा, मान आणि उघडे खांदे. यंत्र असा फोटो आधी लहान करतं. याहूने 2016 साली खुलं केलेलं अशाच कामाचं प्रारूप 224 बाय 224 ठिपक्यांचंच चित्र बघत असे. त्यातून ते शून्य ते एक यांमधला एक आकडा देतं. एकाच्या जवळ म्हणजे नग्नतेची शक्यता जास्त. कुठल्या आकड्यापासून अडवायचं, ते संकेतस्थळ ठरवतं. यंत्राला ‘हळद’ ही गोष्ट माहीत नाही. त्वचेसारखा रंग, त्याचा गुळगुळीत पोत आणि कापडाचा अभाव, एवढ्यावर आकडा चढू शकतो. पिवळसर उजेड, लाकडी कपाट, टक्कल यांनीही तो चढू शकतो. (बाळांचे फोटो अडकतात तेही यातूनच.)

हा नकार ओळखायची सोपी खूण आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, दिवसाचा उजेड, मागे निळी किंवा राखाडी भिंत, आणि छातीपर्यंतचं कापड चौकटीत, असा फोटो टाकून बघा. तो गेला, तर दोष चित्राच्या मांडणीत होता.

या मुलीने नेमकं तेच केलं. स्टुडिओत साडीतला फोटो काढला. पहिली चाळणी पार झाली आणि दुसरीत अडकला.

दुसरी यंत्रणा कपड्यांकडे बघतच नाही. ती चेहऱ्याची आकड्यांची एक ओळ बनवते. 2015 च्या फेसनेट या प्रसिद्ध पद्धतीत ती 128 आकड्यांची होती. दोन ओळी पुरेशा जवळ आल्या की ‘माणूस एकच’. एका माणसाची दोन खाती किंवा बंदी घातलेला माणूस परत येणं, हे पकडायला ही तपासणी असते.

आता गंमत बघा. समजा, दोन परक्या माणसांना एकच समजण्याची चूक 10 लाख जोड्यांत एकदा होते. ऐकायला उत्तम वाटतं. पण संकेतस्थळाकडे 30 लाख चेहरे असतील, तर नवा चेहरा त्या सगळ्यांशी ताडला जातो. म्हणजे सरासरी तीन परकी माणसं ‘तुम्ही’ ठरतात! शिवाय चूक सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने 2019 मध्ये अनेक प्रणाली तपासल्या, तेव्हा अशी चुकीची जुळणी पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत जास्त आढळली. आणि भावंडं, जुळी यांची तर गोष्टच वेगळी.

मी गृहस्थांना विचारलं, “हिला बहीण आहे का?” ते म्हणाले, “जुळी आहे. तिचं लग्न याच संकेतस्थळावरून जमलं, दोन वर्षं झाली.” खातं बंद झालं होतं, पण आकड्यांची ती ओळ बहुधा तिथेच राहिली असावी.

इथे नवनवे फोटो टाकून उपयोग नाही. पोशाख बदलला, भिंत बदलली, तरी ओळ फारशी हलत नाही. उलट, एकाच चेहऱ्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न झाला, तर काही ठिकाणी खातंच गोठवतात. दोन-तीन वेगळ्या, स्वच्छ फोटोंना एकच कारण आलं की थांबायचं आणि माणसाकडून तपासणी मागायची. त्यांनी ती लेखी मागितली. सोबत बहिणीच्या जुन्या खात्याचा क्रमांक, तिच्या संमतीने, आणि दोघी एकाच चौकटीत असलेला फोटो. ‘ही माझीच मुलगी आहे’ या वाक्यापेक्षा तो फोटो जास्त बोलतो, कारण एका चौकटीत दोन चेहरे म्हणजे दोन माणसं.

फोटो मंजूर झाला. पण मंजुरी त्या एका फोटोपुरती होती. ‘या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत’ अशी नोंद कुणी केली नव्हती. मुलीने पुढे फोटो बदलला, तेव्हा तोच निरोप परत आला. आता दुसऱ्या अर्जात त्यांनी ती नोंदच मागितली आहे.