जादा तास की जादा माणूस?

दुकानात संध्याकाळची गर्दी वाढली की मालकापुढे दोन वाटा असतात. आहेत त्याच माणसांना दोन तास जास्त थांबवून ओव्हरटाइम द्यायचा, किंवा तेवढ्या वेळापुरता एक पार्ट टाइम माणूस ठेवायचा. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे, त्यामुळे नवा माणूस निम्म्यात पडतो असा हिशेब अनेक जण तोंडी करतात. तो चुकतो. नव्या माणसाच्या पगारासोबत पीएफ, बोनस, रजा असे खर्च येतात, आणि ओव्हरटाइमच्या रकमेवर त्यांतले बहुतेक लागत नाहीत. दोन्हींतले खरे अंतर दिसते त्यापेक्षा बरेच कमी असते.

महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरातले, चोवीस माणसांचे किराणा-सुपरमार्केट उदाहरणासाठी घेऊ. काउंटरवरच्या कामगाराचा पगार १६,६४० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला ८० रुपये. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात दोन माणसे जास्त लागतात. रोजचे ४ तास, महिन्याचे १०४.

ओव्हरटाइमचा दर तासाला १६० रुपये, म्हणून १०४ तासांचे १६,६४० रुपये होतात. अर्ध्या वेळेच्या कामाला पूर्ण पगाराएवढी रक्कम लागते, हे इथेच दिसते. पीएफ आणि बोनस काढताना ओव्हरटाइम धरत नाहीत, ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही तो येत नाही. ईएसआयची वर्गणी मात्र त्यावर भरावी लागते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे साधारण ५४० रुपये. एकूण खर्च १७,१८० रुपयांच्या आसपास जातो.

आता पार्ट टाइम माणूस. त्याचा तासाचा दर ८० रुपये धरणे बरोबर नाही. राज्यात बऱ्याच उद्योगांच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अंशकालीन कामगाराचा तासाचा दर रोजच्या दराला कामाच्या तासांनी भागून त्यावर १५ टक्के वाढ देऊन काढायचा असतो. तेच प्रमाण ठेवले तर दर ९२ रुपये आणि १०४ तासांचा पगार ९,५६८ रुपये. त्यावर प्रशासकीय खर्च आणि विम्यासह पीएफचा मालकाचा भार १३ टक्के, म्हणजे १,२४४ रुपये. ईएसआय ३११, किमान ८.३३ टक्के बोनस ७९७, आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवायचे ४६० रुपये. किरकोळ रजा, सणांच्या पगारी सुट्ट्या आणि साठत जाणारी रजा मिळून वर्षाकाठी महिनाभराचे कामाचे दिवस पगारी जातात, त्यांचे सुमारे ९६० रुपये. सगळे मिळून १३,३४० रुपये होतात.

फरक महिन्याला ३,८४० रुपयांचा आहे. तो मोठा असला तरी निम्म्याने स्वस्त म्हणण्यासारखा नाही. शिवाय हा हिशेब माणूस काम शिकलेला आहे असे धरून केला आहे. पहिले दोन आठवडे नवा माणूस निम्म्याच वेगाने बिले करतो, कोणता माल कुठे आहे ते विचारतो, आणि जुन्या कामगाराचा रोज तासभर त्याच्यापाठी जातो. वाया गेलेला वेळ, गणवेश आणि कागदपत्रे मिळून सहज साडेपाच हजार रुपये लागतात. माणूस टिकला तर ही रक्कम दीड महिन्यात भरून निघते. कॉलेजची मुले परीक्षेला निघून जातात आणि दर तीन महिन्यांनी नवा माणूस शोधावा लागतो, अशा दुकानात मात्र बचत अर्ध्यावर येते.

सगळ्यात जास्त फसवतो तो तासांचा आकडा. ओव्हरटाइम हवा तेवढाच देता येतो, आज तीन तास, उद्या काहीच नाही. पार्ट टाइम माणसाला मात्र ठरलेल्या वेळेचा पगार द्यावाच लागतो, आणि रोज दीड तासासाठी घरून निघून कोणी येत नाही. या उदाहरणात चार तासांच्या माणसाचे १३,३४० रुपये ओव्हरटाइमच्या साधारण ८१ तासांएवढे आहेत. म्हणजे जादा कामाची खरी गरज महिन्याला ८१ तासांच्या खाली असेल तर ओव्हरटाइमच स्वस्त, आणि माणसे वारंवार बदलत असतील तर ही सीमा ९० तासांच्या पुढे सरकते. म्हणून निर्णयाआधी किमान तीन महिने जादा तासांची नोंद दिवसवार काढणे गरजेचे आहे. गर्दी फक्त दिवाळीपुरती किंवा महिन्याच्या पहिल्या आठवड्यापुरती आहे का, हे त्या नोंदीतच कळते. शनिवार-रविवारीच गर्दी असेल तर रोज चार तासांऐवजी त्या दोन दिवसांचाच माणूस शोधावा, कारण मग पगारातला रिकामा वेळ उरत नाही.

ओव्हरटाइमला कायद्याची मर्यादाही आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एका कामगाराला तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच ओव्हरटाइमची मुभा होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती १४४ तास झाली. दोन माणसे रोज दोन-दोन तास थांबली तर प्रत्येकाचे तीन महिन्यांत १५६ तास होतात, म्हणजे ती मर्यादा ओलांडली जाते. तेच तास तीन माणसांत वाटले तर प्रत्येकाचे १०४ होतात आणि काम नियमात बसते. काही दुकानांत जादा वेळेचा पैसा साध्या दरानेच देतात. त्या दरावर काढलेला हिशेब खोटा आहे, कारण कामगाराने तक्रार केली तर उरलेला निम्मा पैसा द्यावाच लागतो, आणि तो पैसा मुळात त्याचाच आहे.

नियमित ओव्हरटाइमचा आणखी एक खर्च पगारपत्रकात दिसत नाही. दर महिन्याला मिळणारी जादा रक्कम घरखर्चात आणि कर्जाच्या हप्त्यांत मुरते. मग दिवसाचे काम संध्याकाळपर्यंत लांबू लागते. यात आळसापेक्षा गरजेचा भाग मोठा असतो, म्हणून माणसाला दोष देण्याआधी आकडे पाहावेत. ओव्हरटाइम सुरू होण्याआधी आणि नंतर दुपारी तासाला किती बिले होत होती, याची तुलना केली की खरे काय ते समजते. दहाव्या तासाला बिलांत चुका वाढतात का आणि गल्ला रात्री किती वेळा जुळत नाही, हेही पाहावे. तिथे रोज शंभर-दीडशे रुपये कमी पडत असतील, तर ८१ तासांची सीमा त्या दुकानापुरती बरीच खाली येते.

नव्या माणसाच्या बाजूनेही एक अडचण आहे आणि ती लहान दुकानाला जड जाते. वीस माणसे झाली की आस्थापनेला पीएफ कायदा लागू होतो, आणि त्या मोजणीत पार्ट टाइम माणूसही धरला जातो. एकोणीस जणांच्या दुकानात विसावा माणूस आला तर १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या सगळ्याच कामगारांचा पीएफ भरावा लागतो, आणि पुढे संख्या कमी झाली तरी दुकान कायद्यातून सुटत नाही. १५ हजारांच्या पगारावर हा भार माणशी महिन्याला १,९५० रुपये येतो. कामगारांच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे, पण मालकाने ती एका माणसाच्या खर्चात गाडून न टाकता वेगळी मांडावी.