पांघरूण कुणाला, चार्जिंग कधी: रात्रीच्या रेल्वेतले गैरसमज

"रिझर्व्हेशन आहे ना, मग चादर-उशी मिळणारच." या भरवशावर डिसेंबरात स्लीपरने मुंबईहून नागपूरला निघालेली माणसं भुसावळ मागे पडलं की कुडकुडायला लागतात. अंथरूण-पांघरूण आरक्षणावर नाही, डब्याच्या वर्गावर ठरतं. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड एसीत ते तिकिटातच धरलेलं असतं. थर्ड एसी इकॉनॉमीत आधी मिळत नसे, सप्टेंबर 2022 पासून मिळतं. गरीबरथ एसी असूनही तिथे संचाचे 25 रुपये वेगळे द्यावे लागतात. तिकीट काढतानाच तो पर्याय निवडलेला बरा. साध्या स्लीपरमध्ये काहीच नाही. चेन्नई विभागाने 1 जानेवारी 2026 पासून मोजक्या गाड्यांच्या स्लीपरमध्ये 50 रुपयांत चादर, उशी आणि अभ्रा देणं सुरू केलं आहे, पण तेवढ्यावरून आपल्या गाडीत ते मिळेल असं धरून चालू नये. त्यातही ब्लँकेट नाहीच.

एसीत मिळतात त्या वस्तू अशा: दोन चादरी, अभ्रा घातलेली उशी, छोटा टॉवेल आणि ब्लँकेट. यासाठी अटेंडंटला एक पैसाही द्यायचा नसतो. आरएसीवाल्यांना मात्र अजूनही वाटतं की अर्धी जागा म्हणजे दोघांत एकच संच. पूर्वी तशी पद्धत होतीही. डिसेंबर 2023 मध्ये रेल्वे बोर्डाने स्पष्ट केलं की एसीतल्या आरएसी प्रवाशाकडूनही पूर्ण भाडं घेतलेलं असतं, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र संच द्यायचा. अटेंडंटने "एकच मिळेल" म्हटलं तर हे सांगा, नाहीतर 139 वर फोन करा. संकोच करून रात्र थंडीत काढण्याचं कारण नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज ब्लँकेटबद्दल आहे. चादरी आणि अभ्रे प्रत्येक वापरानंतर लाँड्रीत जातात. ब्लँकेट तसं जात नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की ते महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं. म्हणजे आज तुमच्या अंगावर येणारं ब्लँकेट गेल्या काही रात्री दुसऱ्यांनी पांघरलेलं असू शकतं. दुसरी चादर असते ती याचसाठी. एक खाली अंथरायची, दुसरी अंग आणि ब्लँकेट यांच्यामध्ये घ्यायची. दोन्ही खाली अंथरून ब्लँकेट थेट अंगावर ओढणारे खूप जण दिसतात, आणि मग खाज सुटली की सगळी लाँड्री वाईट ठरते. चादरींचं पाकीट बंद आहे ना, हे पाहूनच घ्या. फाटलेलं असेल, घडी मोडलेली असेल किंवा डाग दिसला तर तिथेच बदलून मागा. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळासाठी घरचं हलकं पांघरूण न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चार्जिंग. "रात्री झोपताना फोन लावला की सकाळी शंभर टक्के," हे अनेक गाड्यांत होत नाही. आगीच्या भीतीने रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत पॉइंट बंद ठेवण्याच्या सूचना रेल्वेने दिल्या आहेत. पश्चिम रेल्वेने मार्च 2021 मध्ये त्या अमलात आणल्या. म्हणून जेवण आटोपण्याआधीच फोन लावून घ्यावा. श्वासासाठी रात्रभर यंत्र लावणाऱ्या माणसाने तर डब्यातल्या विजेवर विसंबूच नये, स्वतःची बॅटरी न्यावी.

दुसरा घोळ केटलीचा. डब्यातल्या पॉइंटला साधारण 110 व्होल्ट असतात, घरात 230. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर 100–240 असं छापलेलं असतं, त्यामुळे ते निर्धास्त चालतात. घरची 1500 वॅटची केटली मात्र निम्म्याहून कमी दाबावर जेमतेम 350 वॅट देते. घरी लिटरभर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळतं, त्याला इथे पंधरा मिनिटांहून जास्त लागतील. तेवढा वेळ फोनसाठी बसवलेल्या पॉइंटवर नको तितका भार राहतो, वायर तापते. नोव्हेंबर 2025 मध्ये डब्यात केटलीवर मॅगी शिजवतानाचा व्हिडिओ फिरला, तेव्हा मध्य रेल्वेने कारवाईचा इशारा दिला तो उगाच नव्हे. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी घरून थर्मासमध्येच न्यावं.

जुन्या डब्यांत पॉइंट थोडे आणि खालच्या बाजूला असतात, वरच्या बर्थवर बहुधा नसतात. सॉकेट सैल असला की गाडीच्या हिसक्याने चार्जर निसटतो. म्हणून लांब केबल आणि 10000 एमएएचची पॉवरबँक बरोबर असावी, तिच्यावर साधा फोन दीडेक वेळा भरतो. स्लीपरवाल्यांनी दोन चादरी, हवेची उशी, कानटोपी आणि हिवाळ्यात पातळ गोधडी न्यावी. गोधडी बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवा. मधला बर्थ लावल्यावर खालची बॅग उपसणं फार अवघड जातं.